स्लीप स्टडीच्या रिपोर्टचा साधा तक्ता करताना ग्रेड चुकतेय? आधी झोपेचे तास तपासा

हा घोळ माझ्याकडून दोन महिन्यांत तिसऱ्यांदा झाला म्हणून शेवटी बसून सगळं लिहून काढतेय, म्हणजे माझ्यासारखं काम करणाऱ्या कोणाच्या तरी उपयोगी पडेल.

मी छातीच्या डॉक्टरांच्या ओपीडीत काम करते. स्लीप स्टडी आमच्याकडे होत नाही, पेशंट बाहेरून करून आणतात आणि रिपोर्ट येतो आठ-दहा पानांचा, सगळा इंग्रजीत, त्यात आलेख, टक्के, झोपेच्या पायऱ्या, कूस कुठली होती, सगळंच. घरच्यांना त्यातलं ओ की ठो कळत नाही. म्हणून आमच्या सरांनी मला सांगून ठेवलंय की प्रत्येक रिपोर्टचा अर्ध्या पानाचा मराठी तक्ता करायचा, श्वास किती वेळा थांबला, ऑक्सिजन किती खाली गेला आणि आजार कुठल्या ग्रेडचा, बस. ऐकायला पाच मिनिटांचं काम वाटतं.

तर परवा एका काकांची मुलगी दोन्ही कागद हातात घेऊन काउंटरवर आली. "ताई, लॅबच्या कागदावर मॉडरेट लिहिलंय आणि तुमच्या कागदावर तीव्र लिहिलंय, आम्ही नक्की कोणतं धरायचं?" मी म्हटलं दाखवा. लॅबचा एएचआय २९.८ आणि माझा ३०.२. आता ३० च्या खाली मध्यम आणि ३० पासून पुढे तीव्र, त्यामुळे अर्ध्याहून कमी फरकात ग्रेड बदलली होती. दोन्हीकडे घटना त्याच, एकूण १८५. मग फरक आला कुठून?

एएचआय म्हणजे झोपेच्या दर तासाला श्वास किती वेळा पूर्ण थांबला किंवा उथळ झाला त्याची सरासरी. पूर्ण थांबणं म्हणजे ॲप्निया, हवेचा प्रवाह ९० टक्के किंवा जास्त कमी होऊन निदान १० सेकंद तसाच राहिला तर मोजतात. उथळ होणं म्हणजे हायपोप्निया, प्रवाह निदान ३० टक्के कमी, तोही १० सेकंद, आणि त्याच्या जोडीला ऑक्सिजन खाली गेलेला असला पाहिजे किंवा मेंदूच्या आलेखात झोप चाळवलेली दिसली पाहिजे. या दोन्हींची बेरीज करायची आणि झोपेच्या तासांनी भागायचं. गणित चौथीतलं आहे, चुकतं ते खालच्या आकड्यात.

काकांच्या रिपोर्टमध्ये झोपेची वेळ `TST` समोर 6:12 अशी होती, म्हणजे ६ तास १२ मिनिटं. मी ती एक्सेलमध्ये जशीच्या तशी टाकली आणि १८५ ला तिने भागलं तर उत्तर आलं ७१६. साहजिकच मला वाटलं एक्सेलला तो दोन ठिपक्यांचा आकडा कळत नाहीये, म्हणून मी ठिपके काढून 6.12 लिहिलं, उत्तर आलं ३०.२, बरं दिसलं, पुढे गेले. इथेच माती खाल्ली. १२ मिनिटं म्हणजे तासाचा पाचवा भाग, म्हणजे ०.२ तास. झोप ६.२ तासांची होती, ६.१२ ची नाही. १८५ भागिले ६.२ बरोबर २९.८, लॅबचा आकडा एकदम बरोबर.

आणि ते ७१६ का आलं तेही नंतर कळलं. एक्सेल 6:12 ला घड्याळाची वेळ समजतं आणि आतमध्ये दिवसाचा अपूर्णांक म्हणून ठेवतं, म्हणजे साधारण ०.२५८. त्यामुळे त्याला २४ ने गुणलं की तास मिळतात. समजा वेळ B4 मध्ये आहे तर

```
=B4*24
```

एवढं केल्यावरही सेलमध्ये 4:48 असं काहीतरी दिसलं तर घाबरू नका, उत्तर बरोबरच असतं, फक्त सेलचा फॉरमॅट अजून वेळेचाच असतो, तो जनरल करा की 6.2 दिसेल. पण मी आता या भानगडीत पडतच नाही. बहुतेक रिपोर्टमध्ये झोप मिनिटांतही दिलेली असते, काकांची ३७२ मिनिटं होती, ती घ्यायची आणि ६० ने भागायचं.

```
=372/60
```

आता मुद्दा असा की ही एकच चूक नाही, तास चुकायच्या अजून जागा आहेत आणि दरवेळी लक्षण तेच दिसतं, की तक्त्यातला आकडा लॅबच्या आकड्याशी जुळत नाही. आकडा लॅबपेक्षा कमी आला तर बहुतेकदा तुम्ही झोपेच्या वेळेऐवजी रेकॉर्डिंगची वेळ धरलेली असते. काकांचं रेकॉर्डिंग रात्री १०:४८ ते सकाळी ६:२० चाललं, म्हणजे ४५२ मिनिटं. रिपोर्टवर हे `TRT` नावाने येतं आणि बऱ्याचदा `TST` च्या बरोबर वरच्या ओळीत असतं, डोळा चुकला की संपलं. १८५ ला ४५२ मिनिटांच्या तासांनी भागलं तर २४.६ येतात. ग्रेड मध्यमच राहते म्हणून चूक लक्षातही येत नाही, पण काका मधे ८० मिनिटं जागेच होते आणि जागेपणीचे तास यात धरायचेच नसतात.

आकडा लॅबच्या एएचआयपेक्षा जास्त असेल तर बघा की तुम्ही शेजारचा `RDI` तर उचलला नाहीत ना. त्यात ॲप्निया आणि हायपोप्नियाबरोबर आणखी एक प्रकार धरतात, श्वास घ्यायला जोर लागतोय, त्यामुळे झोप चाळवतेय, पण प्रवाह हायपोप्नियाच्या व्याख्येत बसेल इतका कमी झालेला नाही. काकांच्या अशा १४ घटना होत्या. १८५ अधिक १४ म्हणजे १९९, भागिले ६.२, म्हणजे ३२.१. पुन्हा तीव्र! म्हणजे एकाच माणसाची एकच रात्र आणि आकडा २४.६, २९.८, ३०.२ किंवा ३२.१, कोणता हवा तो घ्या.

आणि एक गंमत सांगते, ही मी केलेली नाही, माझ्या आधीच्या मुलीने केली होती. रिपोर्टमध्ये स्वप्नांच्या झोपेचा, म्हणजे रेमचा, इंडेक्स वेगळा आणि बाकीच्या झोपेचा वेगळा देतात. काकांचा रेममधला ५१ आणि बाकीचा २७.३. तिने अशाच एका रिपोर्टवर दोन्हींची सरासरी काढून तीच एएचआय म्हणून लिहिली. काकांच्या बाबतीत ती ३९ च्या वर गेली असती. पण रेम झोप होती फक्त ४० मिनिटं आणि बाकीची ३३२ मिनिटं, मग दोघींना सारखं वजन कसं द्यायचं? घटनांची बेरीज करा, ३४ आणि १५१, होतात की नाही १८५. घटना बेरजेत बसतात, इंडेक्स बसत नाहीत, कारण प्रत्येक इंडेक्सचा भागाकार वेगळ्या वेळेने झालेला असतो.

म्हणून मी आता तक्त्यात घटनेची संख्या आणि दर तासाचा आकडा असे दोन वेगळे कॉलम ठेवते आणि प्रत्येक ओळीत संख्या भागिले तास करून लॅबच्या इंडेक्सशी जुळवते. याने कॉपी-पेस्टचा घोळपण पकडला जातो. पीडीएफमधून टेबल उचललं की कॉलम मोडतात हे सगळ्यांनाच माहितीये, पण खरा त्रास रिकाम्या खान्याचा होतो. समजा रेममध्ये मिश्र ॲप्निया एकही नाही आणि लॅबने शून्य न लिहिता खाना कोरा सोडलाय, तर पेस्ट केल्यावर पुढचे सगळे आकडे एक घर डावीकडे सरकतात आणि सेकंदाचा आकडा संख्येच्या जागी जाऊन बसतो. दिसायला तक्ता एकदम नीटनेटका. काकांच्या अडथळ्याच्या ॲप्निया ६३, भागिले ६.२, म्हणजे १०.२, रिपोर्टमध्ये पण १०.२, म्हणजे ओळ जागेवर आहे. स्कॅन केलेला रिपोर्ट असेल आणि मोबाईलवर फोटोतून अक्षरं काढली असतील तर दशांशचिन्ह गायब होतं, २९.८ चं २९८ होतं, तेही या भागाकारात लगेच उघडं पडतं. बेरजेत शेवटच्या दशांशाचा फरक मात्र सोडून द्यायचा, ॲप्निया ११.५ आणि हायपोप्निया १८.४ मिळून २९.९ होतात आणि रिपोर्टमध्ये २९.८ असतो, तो नुसता जवळच्या आकड्यावर आणण्याचा फरक आहे, त्यावर अर्धा तास घालवू नका. मी घालवलाय.

आता ऑक्सिजन. इथे घरचे लोक सगळ्यात जास्त घाबरतात आणि इथेच सगळ्यात फसवा आकडा असतो. काकांच्या पहिल्या पानावर सगळ्यात कमी ऑक्सिजन ४१ टक्के लिहिला होता. मुलीने तो बघितला आणि रात्रभर झोपली नाही बिचारी. आतल्या पानावर झोपेतला सगळ्यात कमी आकडा होता ७८. दोन्ही आकडे मशीननेच दिलेले, मग खरा कुठला? आलेखाच्या पानावर जायचं. खरी घसरण उतारासारखी असते, श्वास थांबला की लगेच नाही, रक्त बोटापर्यंत पोचायला वेळ लागतो म्हणून थोडी उशिराने सुरू होते, हळूहळू खाली येते आणि श्वास परत सुरू झाल्यावर झपकन वर जाते, अशा ओळीने आल्या की करवतीच्या दातांसारखं चित्र दिसतं. ४१ वाली रेघ मात्र सरळ उभी खाली कोसळलेली होती, त्याच जागी नाडीची रेघपण तुटलेली, आणि झोपेच्या पट्टीवर त्या वेळी काका जागे होते. म्हणजे बाथरूमला उठले आणि बोटाची क्लिप सरकली. तक्त्यात ७८ लिहायचा. पण हे स्वतःच्या मनाने ठरवू नका हं, मी अशा ठिकाणी पेन्सिलने खूण करून सरांना दाखवते आणि ते हो म्हणाले की मगच लिहिते.

ऑक्सिजनच्या घसरणीची संख्या श्वासाच्या घटनांपेक्षा कमी दिसली तर ती चूक समजू नका. काकांच्या घटना १८५ आणि घसरणी १५८. वर म्हटलं तसं काही हायपोप्निया झोप चाळवली म्हणून मोजल्या जातात, त्यात ऑक्सिजन फारसा हललेला नसतो. आणि ९० च्या खाली किती वेळ गेला तो मी टक्क्यात न लिहिता मिनिटांत लिहिते. काकांची ३४ मिनिटं. टक्के करायला गेलं की परत तोच प्रश्न, कशाचे टक्के? झोपेच्या वेळेचे ९.१, रेकॉर्डिंगच्या वेळेचे ७.५. शिवाय "३४ मिनिटं" म्हटलं की घरच्यांना लगेच समजतं.

एवढं सगळं केल्यावर काकांचा जो तक्ता झाला तो असा.

| काय मोजलं | संख्या / मोजमाप | दर तासाला |
|---|---|---|
| एकूण झोप | ३७२ मिनिटं (६.२ तास) | – |
| श्वास पूर्ण थांबला, घशात अडथळा | ६३ | १०.२ |
| श्वास पूर्ण थांबला, मेंदूकडून इशारा नाही | ६ | १.० |
| श्वास पूर्ण थांबला, मिश्र | २ | ०.३ |
| श्वास उथळ झाला | ११४ | १८.४ |
| एकूण (एएचआय) | १८५ | २९.८ |
| ऑक्सिजन ३ टक्के किंवा जास्त घसरला | १५८ | २५.५ |
| झोपेतला सगळ्यात कमी ऑक्सिजन | ७८ टक्के | – |
| ऑक्सिजन ९० च्या खाली | ३४ मिनिटं | – |
| ग्रेड (लॅबच्या रिपोर्टप्रमाणे) | मध्यम | – |

शेवटच्या ओळीतलं "लॅबच्या रिपोर्टप्रमाणे" हे मी या प्रकरणानंतर घातलं. मोठ्या माणसांसाठी ५ च्या खाली नॉर्मल, ५ ते १५ च्या खालपर्यंत सौम्य, १५ ते ३० च्या खालपर्यंत मध्यम आणि ३० पासून वर तीव्र. हे मला पाठ आहे, पण ग्रेड मी स्वतः लावत नाही, रिपोर्टमधली उतरवते आणि माझं गणित फक्त तपासणीला वापरते. जुळलं नाही तर तक्ता थांबतो. (लहान मुलांचा रिपोर्ट असेल तर ही मापं लावायचीच नाहीत, मुलांमध्ये तासाला एकापेक्षा जास्त झालं तरी ते नॉर्मल धरत नाहीत.) आणि ऑक्सिजन कितीही खाली गेलेला असला तरी ही ग्रेड फक्त एएचआयवरून ठरते. म्हणून ग्रेड सौम्य आणि ऑक्सिजन मात्र बराच खाली असंही दिसू शकतं. अशा वेळी "सौम्य" शब्द वाचून पेशंट निवांत होतो, तेव्हा ऑक्सिजनच्या ओळी कधीच गाळू नका.

काकांच्या मुलीला मी नवीन कागद दिला, चूक माझी होती हे सांगितलं. सरांनी तिला शांतपणे समजावलं की २९.८ आणि ३०.२ मध्ये उपचाराच्या दृष्टीने काही फरक नाही, झोपेत हवेचा दाब देणारं सीपॅप मशीन दोन्हीकडे लागणारच आहे. ती म्हणाली, "हो, पण विम्याच्या फॉर्मवर मी तीव्र लिहिलंय ना." तो फॉर्म अजून पाठवला नव्हता हे नशीब.

अजून दोन प्रकारचे रिपोर्ट येतात ज्यात वरचं सगळं बरोबर करूनही तक्ता चुकतो. एक म्हणजे अर्धी रात्र तपासणी आणि अर्धी रात्र सीपॅप मशीन लावून केलेली. मागच्या आठवड्यातला एक सांगते, पहिले अडीच तास मशीनशिवाय, घटना १०५, म्हणजे तासाला ४२. पुढचे साडेतीन तास मशीन लावून, घटना १४, म्हणजे तासाला ४. पूर्ण रात्र एकत्र धरली तर ११९ भागिले ६, १९.८, मध्यम! पण तो माणूस मध्यम कुठेय, मशीन लावल्यामुळे आकडा खाली आलाय. ग्रेड पहिल्या भागावरूनच घ्यायची आणि तक्त्यात दोन वेगळे कॉलम करायचे, मशीनशिवाय आणि मशीनसकट, घरच्यांना ते बघून मशीन घ्यायची गरज आपोआप कळते. असा रिपोर्ट ओळखायचा कसा तर झोपेची वेळ दोनदा दिलेली असते आणि कुठेतरी दाबाच्या आकड्यांचं टेबल असतं.

दुसरा म्हणजे घरी नेऊन केलेली टेस्ट. त्यात डोक्याला तारा लावत नाहीत, त्यामुळे माणूस कधी झोपला हे मशीनला कळतच नाही आणि भागाकार रेकॉर्डिंगच्या वेळेने होतो. झोप चाळवल्यावरून मोजायच्या हायपोप्नियाही त्यात सुटतात. दोन्हीमुळे आकडा कमी दिसू शकतो. एका बाईंच्या घरच्या टेस्टमध्ये १३ आणि नंतर लॅबमध्ये १९ आले होते, त्यांना वाटलं दोन महिन्यांत आजार वाढला. शिवाय हायपोप्निया मोजायला ऑक्सिजन ३ टक्के घसरलेला हवा की ४ टक्के, हेही लॅबप्रमाणे बदलतं, ४ चा नियम लावला की घटना कमी भरतात. तो नियम बहुतेकदा शेवटच्या पानावर बारीक अक्षरात असतो, मी तो तक्त्याच्या खाली एका ओळीत उतरवते. नसला तर लॅबला फोन करून टेक्निशियनला विचारते, ते लगेच सांगतात. आणि घरच्या टेस्टच्या तक्त्यात "एकूण झोप" ही ओळ काढून तिथे "मशीन चालू होतं तो वेळ" असं लिहिते.